ट्रॅपिस्ट-१ च्या एकाच ग्रहाचे अंतर दोन तक्त्यांत वेगळे का?

पिंगळावेळ

नववी-दहावीच्या मुलांसाठी खगोलशास्त्राची एक छोटी टिपणवही तयार करत आहे. काळाचा वर्ग आणि त्रिज्येचा घन यांच्या नियमाला सूर्यमालेबाहेरचे उदाहरण द्यावे, म्हणून कुंभ राशीतला ट्रॅपिस्ट-१ हा तारा निवडला. सात ग्रह आहेत आणि सगळ्यांचे परिभ्रमणकाळ अगदी अचूक माहीत आहेत, त्यामुळे काम सोपे जाईल असे वाटले होते.

'ई' या ग्रहाची एक फेरी ६.१ दिवसांत होते. ती वर्षांत मांडली की ०.०१६७ येते. तिचा वर्ग ०.०००२७९ आणि त्याचे घनमूळ सुमारे ०.०६५३. म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर एक धरले, तर हा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून ०.०६५३ एकके, साधारण ९८ लाख किलोमीटर अंतरावर असायला हवा. परंतु २०१७ सालच्या शोधनिबंधातील तक्त्यात हे अंतर ०.०२८१७ दिले आहे आणि २०२१ सालच्या तक्त्यात ०.०२९२५. म्हणजे माझ्या उत्तराच्या निम्म्याहून कमी, आणि शिवाय दोन तक्तेही एकमेकांशी जुळत नाहीत, जरी परिभ्रमणकाळ दोन्हीकडे जवळजवळ तोच आहे. काळ तोच असताना अंतर बदलते, तर मग काळावरून अंतर काढण्याचा नियम मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा

हा नियम केप्लरने सूर्याच्या ग्रहांवरून काढला, त्यामुळे तो सूर्यमालेतच चालतो. बाहेर न्यूटनचे सूत्र वापरावे लागते आणि त्यात ग्रहाचे वस्तुमानही येते. 'ई' ग्रहाचे वस्तुमान तुम्ही धरले नाही, म्हणून फरक पडला असणार. दोन्ही तक्त्यांत ग्रहाचे वस्तुमान वेगळे दिले असेल, तर तक्त्यांतला फरकही त्यानेच उलगडेल.

अरुंधती_वसिष्ठ

सह्यकडा, न्यूटनच्या सूत्रात ग्रहाचे वस्तुमान येते हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु इतका मोठा फरक त्याने पडू शकत नाही. त्या सूत्रात तारा आणि ग्रह यांच्या वस्तुमानांची बेरीज असते आणि अंतर त्या बेरजेच्या घनमुळाप्रमाणे बदलते. आपल्याकडचा सर्वांत जड ग्रह गुरू. तो सूर्याच्या हजाराव्या भागाएवढा आहे, आणि त्याला हिशोबात घेतले किंवा वगळले तरी त्याच्या कक्षेची त्रिज्या फक्त ०.०३ टक्क्याने बदलते. 'ई' तर पृथ्वीपेक्षाही हलका आहे आणि त्याचा तारा त्याच्या चाळीस हजार पटींहून जड आहे. इथला फरक पाचव्या दशांशस्थळापलीकडे जातो. पिंगळावेळ यांच्या हिशोबात तर निम्म्याहून अधिक तफावत आहे.

खरी गोष्ट अशी आहे की काळ वर्षांत आणि अंतर पृथ्वी-सूर्य एककात मांडले की 'वर्ग बरोबर घन' असे जे सुटसुटीत रूप मिळते, त्यात सूर्याचे वस्तुमान 'एक' म्हणून गुपचूप बसलेले असते. वर्ष म्हणजे सूर्याभोवतीची पृथ्वीची फेरी आणि एकक म्हणजे सूर्यापासूनचे पृथ्वीचे अंतर. दोन्ही मापे सूर्यानेच ठरवून दिलेली आहेत. दुसऱ्या ताऱ्याकडे जाताना त्या ताऱ्याचे वस्तुमान उघडपणे लिहावे लागते:

a³ = M × P²

यात M हे सूर्याच्या तुलनेतले वस्तुमान आहे. ट्रॅपिस्ट-१ हा अतिशय लहान, थंड तारा आहे. २०१७ च्या निबंधात मिकाएल गिलॉन यांच्या गटाने त्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.०८०२ पट धरले होते. तुमच्या ०.०६५३ ला ०.०८०२ च्या घनमुळाने, म्हणजे ०.४३१ ने गुणा, ०.०२८१ येईल. २०२१ मध्ये एरिक अगोल आणि सहकाऱ्यांनी ०.०८९८ हे वस्तुमान वापरले. त्याचे घनमूळ ०.४४८ आहे आणि गुणाकार ०.०२९२ येतो. दोन्ही तक्ते बरोबर आहेत आणि दोन्ही तुमच्याच नियमातून आलेले आहेत. मधल्या काळात ताऱ्याच्या वजनाचा अंदाज बदलला.

मृगशीर्ष

म्हणजे चार वर्षांत हा ग्रह दीड लाख किलोमीटरहून अधिक दूर सरकला असे समजायचे का? पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात हा ग्रह आहे असे वाचले होते. तो असाच दूर जात राहिला, तर त्या पट्ट्यातून बाहेर पडेल काय?

अरुंधती_वसिष्ठ

ग्रह सरकलेला नाही, मृगशीर्ष. ताऱ्याचे वस्तुमान तेच राहून कक्षा खरोखर ३.८ टक्क्यांनी मोठी झाली असती, तर याच नियमाने फेरीचा काळ साधारण पावणेसहा टक्क्यांनी, म्हणजे आठ तासांहून अधिक वाढला असता. हे ग्रह एकमेकांना ओढतात म्हणून त्यांचे ताऱ्यासमोरून जाणे, म्हणजे अधिक्रमण, काही मिनिटे, कधी अर्ध्या तासापर्यंत मागेपुढे होते आणि तेवढा फरकही निरीक्षणांत टिपला गेला आहे. आठ तासांचा फरक तर कोणाच्याही नजरेतून सुटला नसता.

उष्णतेबाबतही घाबरण्याचे कारण नाही. ग्रहावर किती प्रकाश पडतो हे ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर आणि ग्रहाचे अंतर ताऱ्याच्या त्रिज्येच्या किती पट आहे यावर ठरते. ही पट प्रकाशाच्या आलेखातून थेट मिळते आणि 'ई'साठी ती सुमारे ५३ आहे. ताऱ्याचे वस्तुमान वाढवून धरले, तर त्याची त्रिज्या आणि ग्रहाचे अंतर ही दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात आणि पट आहे तेवढीच राहते.

पिंगळावेळ

मनःपूर्वक आभार. आता कोडे उलगडले, पण त्यातूनच दुसरी शंका निघाली. ताऱ्याच्या वस्तुमानाची गरज पडू नये म्हणून मी एकाच ताऱ्याचे दोन ग्रह घेऊन गुणोत्तर तपासले. 'बी'चा काळ १.५११ दिवस आणि 'एच'चा १८.७७३ दिवस, म्हणजे १२.४२५ पट. त्याच्या वर्गाचे घनमूळ ५.३६ येते. २०२१ च्या तक्त्यातील अंतरे ०.०११५४ आणि ०.०६१८९ आहेत आणि त्यांचे गुणोत्तरही ५.३६ आहे. हे पाहून आनंद झाला. मुलांना हेच उदाहरण द्यावे, म्हणजे नियम प्रत्यक्ष खरा ठरतो हे त्यांना दिसेल, असे वाटते. पण तुम्ही वर 'दोन्ही तक्ते तुमच्याच नियमातून आलेले आहेत' असे लिहिले आहे. मग मी तपासले ते नेमके काय?

अरुंधती_वसिष्ठ

शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. त्या तक्त्यातील अंतरे कोणी मोजलेली नाहीत. तारा चाळीस प्रकाशवर्षे दूर आहे आणि हे ग्रह त्याच्या इतके निकट आहेत की कोणत्याही दुर्बिणीतून ते ताऱ्यापासून वेगळे दिसत नाहीत. मोजला जातो तो फक्त काळ. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो, आणि अशा दोन घटींमधील अवधी म्हणजे फेरी. अंतराचा रकाना काळ आणि ताऱ्याचे वस्तुमान घेऊन याच नियमाने भरलेला असतो. त्यामुळे त्या रकान्यातून नियम पडताळणे म्हणजे आपणच पाकिटात ठेवलेली रक्कम पुन्हा मोजून ती बरोबर निघाल्याचे समाधान मानणे होय. मुलांना हे पडताळणी म्हणून देऊ नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण पुष्कळ पुस्तकांत बाहेरच्या ग्रहांचे तक्ते याच हेतूने दिलेले असतात आणि विद्यार्थ्याच्या मनात भलतीच खात्री तयार होते.

दुर्बीणघर

थोडे वेगळे, पण उपयोगी पडेल असे वाटते म्हणून लिहितो. मी घरच्या लहान दुर्बिणीतून गुरूच्या चंद्रांची नोंद ठेवत आलो आहे. तिथे अंतर डोळ्यांना दिसते. कॅलिस्टो गुरूपासून जास्तीत जास्त किती दूर जातो, हे गुरूच्या बिंबाच्या रुंदीशी ताडून कागदावर मांडता येते आणि आयोचेही तसेच. आयोची फेरी १.७६९ दिवसांची आणि कॅलिस्टोची १६.६८९ दिवसांची, म्हणजे ९.४३ पट, आणि त्यावरून अंतरांचे गुणोत्तर ४.४६ निघायला हवे. छापील अंतरे ४,२१,८०० आणि १८,८२,७०० किलोमीटर आहेत, म्हणजे ४.४६. माझ्या कागदावरच्या नोंदींतून इतकी अचूकता मिळत नाही, पण गुणोत्तर साडेचारच्या जवळच येते. इथे काळ घड्याळाने मोजला आणि अंतर दृष्टीने, दोन्ही स्वतंत्रपणे. माझी शंका एवढीच की हे ग्रहाचे चंद्र आहेत, ताऱ्याचे ग्रह नव्हेत. मग हे उदाहरण चालेल का?

अरुंधती_वसिष्ठ

चालेल, आणि उत्तम चालेल. मध्यभागी तारा आहे की ग्रह याने नियमाला काही फरक पडत नाही, मध्यभागी किती वस्तुमान आहे याने पडतो. कॅलिस्टोचे अंतर पृथ्वी-सूर्य एककात ०.०१२५८५ आणि काळ वर्षांत ०.०४५६९ आहे. अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागले की ०.०००९५५ येते, म्हणजे सूर्याचा १०४७ वा भाग. हेच गुरूचे वस्तुमान. नियम कुठे पडताळायचा आणि कुठे वापरायचा यात हाच भेद आहे. अंतर आणि काळ दोन्ही हाताशी असले, तर मधले वस्तुमान मिळते. वस्तुमान आणि काळ हाताशी असले, तर अंतर मिळते. ट्रॅपिस्टच्या तक्त्यात हा दुसरा प्रकार आहे.

सह्यकडा

मग बाहेरच्या ग्रहांबाबत हा नियम आपण केवळ विश्वासाने वापरतो असे म्हणावे लागेल. तिथेही तो चालतो याचा तिथलाच काही पुरावा आहे का? गुरूच्या चंद्रांवरून चाळीस प्रकाशवर्षांवरची खात्री देणे मला तरी पुरेसे वाटत नाही.

अरुंधती_वसिष्ठ

आहे, आणि तो काळाच्या रकान्यात नसून अधिक्रमण किती मिनिटे चालले या रकान्यात आहे. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

विचार असा करा. ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जातो तेव्हा त्याला प्रत्येक वेळी साधारण तेवढीच रुंदी ओलांडायची असते, कारण बिंब एकच आहे. त्याला किती वेळ लागेल हे त्याच्या वेगावर अवलंबून आहे. कक्षेचा परीघ काळाने भागला की वेग मिळतो. आता अंतर काळाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढत असेल, तर वेग काळाच्या घनमुळाने घटला पाहिजे आणि बिंब ओलांडायचा वेळ काळाच्या घनमुळाने वाढला पाहिजे. यात ताऱ्याचे वस्तुमानही लागत नाही आणि तक्त्यातले अंतरही लागत नाही. फेरीचा काळ आणि अधिक्रमणाचा वेळ ही दोन्ही थेट निरीक्षणे आहेत.

आता २०१७ च्या निबंधातील आकडे घ्या. 'बी'चे अधिक्रमण ३६.४ मिनिटे चालते. 'ई'चा काळ 'बी'च्या ४.०४ पट आहे आणि त्याचे घनमूळ १.५९, म्हणून 'ई'चे अधिक्रमण सुमारे ५८ मिनिटे चालायला हवे. प्रत्यक्षात ५७.२ मिनिटे आहे. 'सी'साठी अपेक्षा ४२.६ आणि निरीक्षण ४२.४. वेग अंतराबरोबर दुसऱ्या कोणत्या रीतीने बदलत असता, तर हे जुळले नसते. उदाहरणार्थ, सगळे ग्रह सारख्याच वेगाने फिरत असते, तर 'ई'लाही ३६ मिनिटेच लागली असती.

पिंगळावेळ

हे विलक्षण सुंदर आहे. मी लगेच उरलेले ग्रहही पाहिले. 'डी'साठी अपेक्षा ५०.६ आणि प्रत्यक्ष ४९.१. 'एफ'साठी ६६.५ आणि प्रत्यक्ष ६२.६. 'जी'साठी ७३.३ आणि प्रत्यक्ष ६८.४. 'एच'साठी ८४ आणि प्रत्यक्ष ७६.७. आतले ग्रह छान जुळतात, पण बाहेर जावे तशी तूट वाढत जाते, आणि प्रत्येक वेळी प्रत्यक्ष वेळ अपेक्षेपेक्षा कमीच आहे. निरीक्षणातला सामान्य गोंधळ असता, तर तो कधी इकडे कधी तिकडे झुकला असता. यामागे नियमबद्ध कारण असावे असे वाटते.

अरुंधती_वसिष्ठ

नेमके तसेच आहे. या ग्रहांच्या कक्षा जवळपास एकाच सपाटीत आहेत, परंतु ती सपाटी आपल्या दृष्टिरेषेत तंतोतंत नाही, तर अगदी किंचित कललेली आहे. आतल्या ग्रहाला हा कल जाणवतही नाही आणि तो बिंबाच्या मध्याजवळून जातो. पण तोच कल अधिक अंतरावर मोठा होतो, त्यामुळे बाहेरचा ग्रह बिंबाच्या मध्यापासून बाजूला सरकून जातो आणि त्याला व्यासाऐवजी आखूड जीवा ओलांडावी लागते. 'एच'चा मार्ग मध्यापासून त्रिज्येच्या साधारण चार-दशांश इतका बाजूला आहे. तिथली जीवा व्यासाच्या ०.९२ पट भरते आणि ८४ ला ०.९२ ने गुणले की ७७ येते.

मात्र हे आकडे एकदा जुळले म्हणून भाबडेपणाने पुढे जाऊ नये. बाजूला सरकण्याचे प्रमाण आपण एरवी प्रकाशाच्या घटीच्या आकारावरून ठरवतो. मध्यातून जाणाऱ्या ग्रहाची घट उभ्या कडांची असते आणि बाजूने जाणाऱ्याची तिरप्या कडांची. ट्रॅपिस्टच्या ग्रहांसाठी हा आकार चांगला मोजता आलेला आहे, म्हणून वरील उलगड्याला स्वतंत्र आधार आहे. घट पुसट असली, तर तो आधार राहत नाही.

मृगशीर्ष

'एच'चा विषय निघाला म्हणून विचारतो. पिंगळावेळ यांनी सांगितलेल्या २०१७ च्या तक्त्यात 'एच'चा काळ २० दिवस दिला आहे आणि त्यापुढे चूक इतकी मोठी आहे की तो १४ दिवसही असू शकतो आणि ३५ दिवसही. इतर ग्रहांचे काळ तर दशांशाच्या कितीतरी स्थळांपर्यंत आहेत. एकाच ग्रहाला अशी सावत्र वागणूक का?

अरुंधती_वसिष्ठ

कारण स्पिट्झर दुर्बिणीने २०१६ च्या शरद ऋतूत सुमारे वीस दिवस या ताऱ्याकडे पाहिले, त्यात 'एच'चे एकच अधिक्रमण सापडले. दोन घटींशिवाय काळ मोजता येत नाही. त्यामुळे त्यांनी उलट दिशेने वाट काढली. एकाच घटीचा वेळ मोजायचा, ताऱ्याची घनता इतर सहा ग्रहांवरून ठाऊक आहेच, त्यावरून काळ काढायचा.

अडचण अशी की अधिक्रमणाचा वेळ काळाच्या घनमुळाप्रमाणे बदलतो, तर काळ वेळेच्या घनाप्रमाणे. वेळेत तीन टक्के चूक असली, तर काळात नऊ टक्के होते. त्यात मध्यापासून किती बाजूला गेला याची अनिश्चितता मिसळली की तीही घन होऊन येते, कारण ७७ मिनिटे ही मध्यातून वेगाने जाणाऱ्या जवळच्या ग्रहाचीही असू शकतात आणि बाजूने सावकाश जाणाऱ्या दूरच्या ग्रहाचीही. १४ ते ३५ हा पसारा त्यातूनच आला. अंतराचा पसारा त्यामानाने कमी असतो, कारण तिथे दोन-तृतीयांश घात मदतीला येतो. पुढे २०१७ मध्येच केप्लर दुर्बिणीच्या दुसऱ्या मोहिमेतील सलग नोंदींत 'एच'च्या आणखी घटी सापडल्या आणि काळ १८.७७ दिवस निश्चित झाला.

अशीच अडचण अधूनमधून निरीक्षण करणाऱ्यांना वेगळ्या रूपात भेटते. पृथ्वीवरून दिवसा तारा दिसत नाही, म्हणून एकाआड एक घट हुकली, तर काळ दुप्पट वाटतो आणि अंतर १.५९ पट. २०१६ मध्ये याच ताऱ्याचे तीनच ग्रह जाहीर झाले होते आणि तिसऱ्याचा काळ ठरतच नव्हता, कारण ज्या घटी एका ग्रहाच्या समजल्या त्या प्रत्यक्षात अनेक ग्रहांच्या होत्या. खूण अधिक्रमणाच्या वेळेतच असते. काळ दुप्पट धरला आणि घटीचा वेळ मात्र त्या काळाला शोभेल त्याहून बराच कमी निघाला, तर आधी हुकलेल्या घटींचा संशय घ्यावा. मात्र काळ दुप्पट झाल्याने वेळ फक्त १.२६ पट होतो, म्हणून बाजूने जाणारा ग्रह इथेही चकवू शकतो.

दुर्बीणघर

त्या २०१६ च्या निबंधातील पाठपुराव्याच्या निरीक्षणांत लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. पृथ्वीच्या वेगवेगळ्या रेखांशांवर दुर्बिणी असल्या की हुकणाऱ्या घटी कमी होतात, हे त्यामागचे साधे कारण.

सह्यकडा

पटले. पण एक धागा अजून लोंबतो आहे. वर 'ताऱ्याची घनता ठाऊक आहेच' असे म्हटले आहे आणि त्याआधी वस्तुमान ०.०८०२ वरून ०.०८९८ वर गेले असेही. घनता निश्चित आणि वस्तुमान अनिश्चित, हे कसे?

अरुंधती_वसिष्ठ

नियम ताऱ्याच्या त्रिज्येच्या पटीत मांडला की वस्तुमान आणि त्रिज्या वेगवेगळी राहत नाहीत, त्यांची जोडी घनता म्हणूनच बाहेर पडते:

घनता = 3π/(G·P²) × (a/R)³

'ई'चा काळ आणि ५३ ही पट घातली की दर घनसेंटिमीटरला सुमारे ७५ ग्रॅम येते, सूर्याच्या सरासरी घनतेच्या ५३ पट. दोन्ही ५३ सारखे दिसतात हा निव्वळ योगायोग आहे. काहीही गृहीत न धरता आलेखातून इथपर्यंत पोहोचता येते. पण घनतेपासून वस्तुमानापर्यंत जायला बाहेरून आणखी एक माहिती लागते, आणि ग्रह ती देत नाहीत.

२०२१ चे ०.०८९८ हे वस्तुमान ताऱ्याच्या तेजावरून आले आहे. इतक्या लहान ताऱ्यांसाठी तेज आणि वस्तुमान यांचा जो संबंध वापरतात, तो जोडताऱ्यांवरून बांधलेला आहे. जोडताऱ्यांत दोन्ही तारे वेगळे दिसतात, त्यांच्यातील कोन मोजता येतो, लंबनावरून अंतर कळते, म्हणजे त्रिज्या खरोखर मोजलेली असते. आणि मग तिथेही काळाचा वर्ग आणि त्रिज्येचा घन हाच नियम वस्तुमान देतो.

पिंगळावेळ

म्हणजे मुलांसाठी क्रम असा लावता येईल: आधी दुर्बीणघर यांचे गुरूचे चंद्र, नंतर ट्रॅपिस्टच्या अधिक्रमणांची मिनिटे, आणि तक्त्यातील अंतर सगळ्यांत शेवटी, ते काढलेले आहे हे स्पष्ट लिहून. तरीही एक विचारतो. जोडीत वाढलेल्या ताऱ्यांवरून बांधलेला संबंध एकट्या ट्रॅपिस्टला लागू पडतो, हे कशावरून?

अरुंधती_वसिष्ठ

पूर्णपणे खात्रीने नाही. अशा ताऱ्याचे वय, त्यातील जड मूलद्रव्यांचे प्रमाण आणि चुंबकीय क्रिया यांनी त्रिज्या आणि तेज दोन्ही थोडे बदलू शकतात, आणि ताऱ्यांच्या उत्क्रांतीची गणिते अशा लहान ताऱ्यांना प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान आणि अधिक दाट दाखवतात, ही जुनी तक्रार अजून मिटलेली नाही. ०.०८९८ मध्ये अडीच टक्के इकडेतिकडे असे निबंधातच दिले आहे. अंतरात त्याचा एक-तृतीयांशच उतरतो, म्हणून ०.०२९२५ मधला तिसरा अर्थपूर्ण आकडा हलू शकतो, दुसरा सहसा नाही. टिपणवहीत ०.०२९ लिहावे.